मान वळवलेल्या माणसाची श्वसनसंस्था : सुबक व नामनिर्देशित आकृतीवर एक लघुप्रबंध

शालेय उत्तरपत्रिकांत एक माणूस वर्षानुवर्षे श्वास घेत उभा आहे. त्याचे तोंड एका बाजूला वळलेले आहे, छाती मात्र सरळ परीक्षकाकडे आहे. त्याला एकच नाकपुडी आहे, हात मुळीच नाहीत आणि पोटाखालचा भाग प्रश्नात विचारलेला नसल्यामुळे देण्यात आलेला नाही. प्राचीन इजिप्तच्या चित्रकारांनीही माणसे अशीच रंगवली. डोके बाजूने, खांदे समोरून. त्यांच्याकडून ही परंपरा आमच्या शिक्षण विभागाने कशी उचलली, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे आणि तो आम्ही दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवतो. प्रस्तुत प्रबंधाचा विषय एवढाच, की 'मानवी श्वसनसंस्थेची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' या आज्ञेचे पालन करताना या माणसाचे हाल कोठे होतात आणि ते कसे टाळावेत.

प्रथम त्याने मान का वळवली, ते समजून घेतले पाहिजे. कारण पुढच्या निम्म्या चुका तेथूनच निघतात. नाक, घसा आणि स्वरयंत्र यांची वाट समोरून दिसत नाही. समोरून पाहिले तर नाकाची दोन भोके दिसतात आणि विषय संपतो. आतली पोकळी मागे जाऊन खाली कशी वळते, हे दाखवायचे तर डोके उभे मधोमध कापून बाजूने पाहावे लागते. उलट फुफ्फुसे बाजूने पाहिली तर एकामागे एक येऊन एकच दिसते. तेव्हा ती समोरूनच काढली पाहिजेत. थोडक्यात, आपल्या आकृतीत दोन वेगवेगळी चित्रे एकावर एक उभी आहेत आणि त्यांचा सांधा मानेत, स्वरयंत्राच्या जरा खाली आहे. ज्याला हा सांधा माहीत आहे तो विद्यार्थी सुटतो. ज्याला माहीत नाही तो अन्ननलिकेत अडकतो.

अन्ननलिकेचे प्रकरण असे. घशातून दोन नळ्या निघतात, पुढे श्वासनलिका आणि तिच्या मागे अन्ननलिका. बाजूने पाहिलेल्या मानेत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, म्हणून विद्यार्थी दोन्ही काढतो. इथवर ठीक. पण सांध्याच्या खाली आपण समोरून पाहत असतो आणि समोरून पाहताना अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागे दडलेली असते. विद्यार्थी तिला सोडत नाही. ती तशीच शेजारून खाली येते, दोन फुफ्फुसांमध्ये जागा नसल्यामुळे एका फुफ्फुसात शिरते आणि तेथेच संपते. अशा माणसाला जेवू घालणे धोक्याचे आहे. उपाय सोपा आहे. अन्ननलिका काढायचीच असेल तर घशामागे अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा दाखवून ती आडव्या रेघेने तोडून टाकावी. ती श्वसनसंस्थेचा अवयव नाही. तिच्या नावाला गुण मिळत नाही, मात्र तिला श्वासनलिकेच्या पुढे काढले तर गुण जातो.

आता आकृती काढण्याच्या क्रमाकडे वळू. या बाबतीत दोन पंथ आहेत. पहिला नासिकारंभवाद्यांचा. हवा नाकातून आत जाते, सबब आकृतीही नाकापासून सुरू व्हावी, असे त्यांचे मत. तर्क निर्दोष आहे, परिणाम भीषण. नाक ऐटीत, भरदार निघते. त्याला शोभेसा जबडा येतो. मानेपर्यंत येता येता निम्मे पान संपते आणि पुढच्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत उरलेल्या चार बोटांत दोन फुफ्फुसे चेंगरून बसवावी लागतात. श्वासपटल बिचारे पानाबाहेर जाते. दुसरा पंथ अक्षारंभवाद्यांचा, आणि आम्ही त्याचे आहोत. हे लोक आधी पानावर अगदी फिकी उभी रेघ मारतात, तिच्यावर अवयवांच्या जागा ठरवतात आणि नाक शेवटी काढतात.

अक्षारंभाचा विधी आम्ही पुढे सविस्तर देत आहोत. साहित्य : एचबी पेन्सिल, तीही टोक केलेली, पट्टी, खोडरबर. उत्तरपत्रिकेच्या लिहायच्या जागेच्या डाव्या कडेपासून सुमारे सहा सेंटिमीटरवर बारा सेंटिमीटर उंचीची फिकी उभी रेघ मारा. वरून चार सेंटिमीटर डोक्याला द्या. तेथून साधारण पाऊण सेंटिमीटर स्वरयंत्राला. त्याखाली श्वासनलिका अडीच सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद. फुफ्फुसांची टोके मात्र श्वासनलिका संपल्यावर सुरू होत नाहीत. ती वरून पावणेसहा सेंटिमीटरवर, म्हणजे श्वासनलिका अजून अर्ध्या वाटेवरही आलेली नसतानाच सुरू होतात आणि अकराव्या सेंटिमीटरला संपतात. दोन्ही फुफ्फुसे मिळून रुंदी सहा सेंटिमीटर. हे आकडे आम्ही पंचांग पाहून काढलेले नाहीत. खऱ्या माणसाची श्वासनलिका दहा ते बारा सेंटिमीटर लांब आणि सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते, फुफ्फुसाची उंची तिच्या दुपटीच्या आसपास असते आणि डोक्याची उंची फुफ्फुसाहून किंचित कमी. वरची मापे त्यांचीच साधारण चारपट ते पाचपट लहान केलेली नक्कल आहे.

फुफ्फुसांची टोके इतकी वर का, असे विचारले जाईल. कारण श्वासनलिकेचा वरचा अर्धा भाग मानेत आणि खालचा अर्धा छातीत असतो. तिला फाटा फुटतो तो छातीच्या आत, फुफ्फुसांच्या वरच्या टोकांपासून बराच खाली आल्यावर. आणि फाट्यातून निघालेल्या दोन श्वसनी फुफ्फुसांत त्यांच्या आतल्या, एकमेकांकडे तोंड केलेल्या कडेतून शिरतात. येथे विद्यार्थिवर्गाचा जवळजवळ एकमुखी विरोध आहे. बहुसंख्य आकृत्यांत श्वासनलिका मानेतच दुभंगते, तिचे दोन फाटे वाकून खाली येतात आणि फुफ्फुसांना माथ्यावर भोक पाडून आत जातात. परीक्षक ही चूक दुरूनही ओळखतो, कारण अशा आकृतीत दोन फुफ्फुसांच्या मधली जागा रिकामी राहते. खऱ्या छातीत तेथे हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि खुद्द श्वासनलिकेचा खालचा भाग असतो. तुमच्या आकृतीत फाटा फुफ्फुसांच्या टोकांपेक्षा वर असेल, तर दुसरे काही तपासू नका, खोडरबर घ्या.

आता डावे-उजवे. दोन फुफ्फुसे एकसारखी नसतात, हे तोंडी सांगायला सर्वांना येते आणि पेन्सिल हातात येताच सर्व जण ते विसरतात. एक फुफ्फुस काढायचे आणि दुसरे त्याचे आरशातले प्रतिबिंब म्हणून उमटवायचे, ही रूढ पद्धत. वस्तुतः उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात आणि डाव्याचे दोन. डावे थोडे लहानही असते, कारण हृदय त्या बाजूला कलते आणि त्याच्यासाठी डाव्या फुफ्फुसाच्या आतल्या कडेला खाच असते. ही खाच दाखवायला पेन्सिलीचे एकच वळण लागते, खंड दाखवायला तीन रेघा : उजवीकडे दोन, डावीकडे एक. शालेय परीक्षेत ते सक्तीचे नसते. तरी आम्ही ते काढावेत या मताचे आहोत. चार रेघांत इतकी विद्वत्ता अन्यत्र मिळत नाही.

पण उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे? येथे भल्याभल्यांची फसगत होते. आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड, निदान छाती, करून उभा आहे. त्याचा उजवा भाग पानाच्या डाव्या बाजूला येतो. तीन खंडांचे फुफ्फुस पानावर डावीकडे काढायचे आणि खाच असलेले उजवीकडे. छातीचा एक्स-रे डॉक्टर याच रीतीने लावतात. घरात कोणाचा जुना एक्स-रे असेल तर तो उजेडात धरून पाहावा. हृदयाची सावली पानाच्या, म्हणजे फिल्मच्या उजव्या बाजूला झुकलेली दिसते.

श्वसनींमध्येही असाच भेद आहे. उजवी श्वसनी आखूड, जाड आणि जास्त उभी असते. डावी तिच्यापेक्षा लांब, बारीक आणि जास्त आडवी, कारण तिला हृदयाला वळसा घालून जावे लागते. उजवी साधारण अडीच सेंटिमीटर, डावी तिच्या जवळजवळ दुप्पट. म्हणूनच मोठ्या माणसाला ठसका लागून शेंगदाणा खाली गेला, तर तो बहुधा उजव्या बाजूला सापडतो. सरळ उतरणीची वाट त्यालाही सोपी पडते. आकृतीत हे दाखवायचे असेल तर फाट्यापासून पानाच्या डावीकडे जाणारी रेघ तीव्र उताराची आणि उजवीकडे जाणारी सौम्य उताराची ठेवली की झाले. इंग्रजी वायसारखा समभुज फाटा दिसायला नेटका असतो. शरीराने तो मान्य केलेला नाही.

श्वासनलिकेवरच्या कड्यांबद्दल थोडक्यात. ही कूर्चेची कडी सोळा ते वीस असतात आणि मागच्या बाजूला उघडी असतात, म्हणजे घास जाताना मागच्या अन्ननलिकेला फुगायला जागा मिळते. समोरून त्यांची उघडी बाजू दिसत नाही, तेव्हा अडीच सेंटिमीटरमध्ये सहा-सात किंचित वाकलेल्या आडव्या रेघा पुरेत. त्या नळीच्या बाहेर जाता कामा नयेत आणि एकमेकींना जोडता कामा नयेत. जोडल्या की श्वासनलिका स्प्रिंग होते. कडी स्वरयंत्रावर आणि अन्ननलिकेवर काढू नयेत. ज्या विद्यार्थ्याने अन्ननलिकेलाही कडी काढली, त्याची कलाशिक्षकांनी प्रशंसा करावी. विज्ञानाच्या शिक्षकांनी करू नये.

श्वासपटलाचे दुःख वेगळे आहे. ते वेळ संपत आल्यावर काढले जाते, म्हणून बहुधा पट्टीने मारलेली सरळ रेघ असते, आणि कधी कधी तर वर उघडलेली वाटी. खरे श्वासपटल घुमटासारखे वर फुगलेले असते आणि फुफ्फुसांचे तळ त्या घुमटावर टेकलेले असतात, त्यामुळे तेही खालून आत वळलेले असतात. यकृत खाली असल्यामुळे घुमटाची उजवी बाजू डावीपेक्षा थोडी उंच असते. श्वास आत घेताना हा घुमट सपाट होत खाली सरकतो आणि सोडताना पुन्हा वर येतो. तेव्हा सपाट रेघ काढणारा विद्यार्थी आपण खोल श्वास रोखून धरलेला माणूस काढला, असा बचाव करू शकतो. पण मग फुफ्फुसेही खाली ताणलेली हवीत, ती त्याने काढलेली नसतात. कायमचे सपाट श्वासपटल फुफ्फुसांच्या जुनाट विकाराने दम लागणाऱ्या रुग्णाच्या एक्स-रेत दिसते. प्रश्नात रुग्ण विचारलेला नाही.

आता प्रबंधातल्या सर्वांत कठीण प्रमेयाकडे येतो. वायुकोश कोठे काढावेत? आमच्या आकृतीचे माप खऱ्याच्या पाचव्या भागाच्या आसपास आहे. एका वायुकोशाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका असतो. म्हणजे आकृतीत तो ०.०४ मिलिमीटर भरेल. एचबी पेन्सिलीच्या चांगल्या टोकाची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर पेन्सिलीचा एक ठिपका टेकवताच सुमारे बारा वायुकोश शेजारी शेजारी त्याखाली गाडले जातात. तात्पर्य, वायुकोश फुफ्फुसाच्या आत काढणे अशक्य आहे. तरीही विद्यार्थी ते काढतात. फुफ्फुसाच्या तळाशी द्राक्षांचा घड लोंबतो, आणि ज्याचे हस्ताक्षर मोठे त्याचा घड फुफ्फुसापेक्षा मोठा. घडाला आमचा आक्षेप नाही, जागेला आहे. श्वसनिकेच्या एका टोकावर बारीकसे वर्तुळ करावे, त्याच्यापासून एक रेघ आकृतीबाहेर न्यावी आणि तेथे तीन सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात घड काढून खाली 'वायुकोश (मोठे करून)' असे लिहावे. 'मोठे करून' हे शब्द विसरू नयेत. त्या दोन शब्दांनी आकृती खोटी असल्याचा आरोप टळतो.

श्वसनिकाही मोजूनच काढाव्यात. खऱ्या फुफ्फुसात श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत तेवीसच्या सुमारास फाटे फुटतात. उत्तरपत्रिकेत तीन पुरतात. चौथ्या फाट्यापासून आकृती वनस्पतिशास्त्राकडे झुकू लागते.

नामनिर्देशन हा या शास्त्राचा उत्तरार्ध. गुणांच्या दृष्टीने तो पूर्वार्धच म्हटला पाहिजे. येथे एका पूर्वसूरीचे स्मरण करणे प्राप्त आहे. १८५८ साली लंडनमध्ये ग्रे यांचे शरीररचनेचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, त्यातली चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढली होती. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले. त्यांच्या चित्रांचे एक वैशिष्ट्य असे, की धमन्या, स्नायू आणि हाडे यांची नावे त्यांनी त्या त्या अवयवावरच लिहिली. अवयवाला अ, ब, क अशी अक्षरे देऊन खाली यादी देण्याची जुनी रीत वाचकाला वर-खाली नजर फिरवायला लावी. कार्टरनी ती पुष्कळशी मोडीत काढली. ती चित्रे लाकडी ठोकळ्यांवर उलटी काढावी लागत, म्हणजे छापल्यावर सुलटी उमटत. ज्यांना पानाचे डावे आणि शरीराचे उजवे यांचा गोंधळ होतो, त्यांनी या माणसाच्या डोकेदुखीची कल्पना करावी.

परंतु कार्टरांचे अनुकरण परीक्षेत करू नये. त्यांचे चित्र पुस्तकाच्या पानाएवढे होते आणि आपली श्वासनलिका अर्धा सेंटिमीटर रुंद आहे. तिच्या पोटात 'श्वासनलिका' हा शब्द बसवणारे कलावंत आम्ही पाहिले आहेत, तो वाचू शकणारा परीक्षक पाहिलेला नाही. नावे बाहेर, उजव्या बाजूला, एकाखाली एक, एका सरळ उभ्या ओळीत लिहावीत. अवयवापासून नावापर्यंतच्या रेघा पट्टीने आणि शक्यतो आडव्या माराव्यात. त्या एकमेकींना छेदू नयेत आणि त्यांना बाणाचे टोक नसावे, कारण बाण हवेची दिशा दाखवण्यासाठी राखीव आहे.

सगळी नावे उजवीकडे घ्यायची, तर आकृतीतल्या माणसानेही मान उजवीकडे, नावांच्या बाजूला वळवलेली बरी. तो डावीकडे पाहत असेल तर नासिका पोकळीची रेघ त्याच्या मेंदूतून आरपार जाते. घसा मात्र उभ्या अक्षावर यावा, म्हणजे खाली श्वासनलिका आपोआप सरळ उतरते. श्वसनीची रेघ पानाच्या उजवीकडच्या, म्हणजे शरीराच्या डाव्या, लांब श्वसनीवर टेकवावी. ती नावांना जवळ आहे आणि टेकायला जागाही जास्त आहे. पलीकडची श्वसनी निवडली तर रेघ श्वासनलिका ओलांडून जाते आणि परीक्षकाला ती तेथेच थांबल्यासारखी वाटते.

रेघेचे टोक नेमके कोठे टेकते, यावरच गुण ठरतो. नमुना म्हणून एक उत्तरपत्रिका घेऊ. आकृती ठीक आहे. नावे नऊ दिली आहेत : नासिका पोकळी, ग्रसनी, स्वरयंत्र, श्वासनलिका, श्वसनी, श्वसनिका, वायुकोश, फुफ्फुस, श्वासपटल. नऊही नावे शुद्ध. परीक्षक रेघांचा माग काढतो. नासिका पोकळीची रेघ नाकाच्या शेंड्याला टेकली आहे. ते नाक झाले, पोकळी नव्हे. ती आत, रिकाम्या जागेत टेकायला हवी होती. ग्रसनीची रेघ हनुवटीपाशी थांबली आहे. श्वासनलिकेची बरोबर. श्वसनीची रेघ दुसऱ्या फाट्यावर गेली आहे आणि श्वसनिकेची पहिल्यावर. नावे एकमेकांत बदलली. फुफ्फुसाची रेघ दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत विसावली आहे, जेथे हृदय असायला हवे. श्वासपटलाची रेघ फुफ्फुसाच्या तळाला टेकली आहे, कारण घुमट आणि तळ वेगळ्या रेघांनी दाखवलेलेच नाहीत. उरली तीन बरोबर नावे : स्वरयंत्र, श्वासनलिका, वायुकोश. विद्यार्थ्याला सगळे माहीत होते. त्याच्या पट्टीला माहीत नव्हते.

छटा, रंग आणि पेन्सिलीचे फराटे यांवर आम्ही वेगळे प्रकरण लिहिणार होतो, पण एक वाक्य पुरेल : फुफ्फुस काळे केले तर ते धूम्रपानाच्या धड्यातले वाटते.

वेळेचा हिशेब राहिला. दहावीच्या विज्ञान भाग २ च्या पेपराला चाळीस गुण आणि दोन तास आहेत. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. आकृती तीन गुणांची असेल तर तिला नऊ मिनिटे मिळतात. त्यातले एक मिनिट अक्ष आणि मापे यांना, चार आकृतीला, तीन नावांना द्यावीत आणि शेवटचे एक मिनिट प्रत्येक रेघेचे टोक कोठे टेकले आहे ते पाहायला ठेवावे. नाकाला वेगळा वेळ देण्यात आलेला नाही.

परीक्षकांना आमची एक विनंती आहे. घुमटासारखे श्वासपटल आणि आतल्या कडेने शिरणाऱ्या श्वसनी दिसल्या, तर वाकड्या नाकाकडे दुर्लक्ष करावे. आणि विद्यार्थ्यांनो, आकृतीखाली 'मानवी श्वसनसंस्था' असे शीर्षक लिहा, आणि ती पुरवणीच्या शेवटच्या पानावर काढली असेल तर शेजारी प्रश्न क्रमांक घाला.